ऑगस्ट २०२० मधील तीनशे ग्रॅम सोने : चोपडा तालुक्यातील एका कुटुंबाचा निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यातल्या एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रकमा सोयीसाठी पूर्णांकात घेतल्या असल्या तरी हिशेबाची रीत जशीच्या तशी ठेवली आहे. घरात सत्तरी ओलांडलेले आबा, त्यांच्या पत्नी (घरात सगळे त्यांना माय म्हणतात), मुलगा आणि सून असे चौघे कर्ते. घरची केळीची बाग आहे, आणि मुलगा गावातच खते-बियाण्यांचे कृषी केंद्र चालवतो. मी या कुटुंबाचे हिशेब आणि कर-विवरण पाहतो, त्यामुळे या निर्णयाच्या चर्चेत सुरुवातीपासून होतो.

कृषी केंद्राचा धंदा उधारीवर चालतो. खरिपात दिलेल्या मालाचे पैसे कापूस विकल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीनंतर येतात. केळी उत्पादकांकडची उधारी घड कापले की थोडी-थोडी येत राहते. मार्च २०२० अखेर टाळेबंदी लागली आणि उत्तरेकडच्या बाजारपेठांना जाणारी केळी बागेतच पिकू लागली. घरच्या बागेचे उत्पन्न आणि दुकानाची वसुली ही दोन्ही तोंडे एकाच वेळी बंद झाली. जुलै संपेपर्यंत खरिपाची नवी उधारी वाटून झाली होती, जुनी अडकली होती, आणि रब्बीच्या मालासाठी कंपन्या आगाऊ रक्कम मागत होत्या. गरज सुमारे सात लाखांची होती.

घरात सुमारे तीनशे ग्रॅम सोने होते. त्यातले बरेचसे मायचे स्त्रीधन, पोत, पाटल्या, गोफ आणि काही मोडकेतोडके जुने दागिने. सोन्याचा भाव त्या आठवड्यात तोवरच्या उच्चांकावर होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शासनाने काढलेल्या सुवर्ण रोख्यांचा भाव ग्रॅमला ५,३३४ रुपये होता, तर एप्रिलमध्ये तोच ४,६३९ होता.

प्रश्न

प्रश्न वरवर सोपा होता : सोने विकावे, गहाण टाकावे, की हात न लावता दुसरीकडून पैसे उभे करावेत? घरातली खरी असहमती मात्र सोन्याच्या पुढच्या चालीबद्दल होती.

आबांचा आधार स्वतःच्या तरुणपणाचा होता. १९७२ चा दुष्काळ, त्यानंतर तेलाचे भडकलेले भाव, धंदा थंड आणि महागाई मात्र गरम, असा तो काळ त्यांनी पाहिला होता. सत्तरच्या आसपास दहा ग्रॅमला दोनशेच्या आत असलेले सोने १९८० पर्यंत तेराशेच्या पुढे गेले, हे त्यांना पक्के आठवत होते. "धंदा बसला आणि महागाई वाढली की सोनं थांबत नाही. आता विकणारा पुढे रडेल," असे त्यांचे म्हणणे. मुलाचे म्हणणे याच्या जवळपास पण वेगळे होते. त्याला वाटत होते की जगभर मंदी आहे, मंदीत सोने वाढतेच, मग विकण्यापेक्षा जास्तीत जास्त कर्ज काढावे. त्याच आठवड्यात, ६ ऑगस्टला, रिझर्व्ह बँकेने शेतीबाह्य कारणांसाठीच्या सोनेतारण कर्जावरची मर्यादा बँकांपुरती सोन्याच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्के केली होती आणि ही सवलत ३१ मार्च २०२१ पर्यंत होती. दुकानाचे भांडवल शेतीबाह्य गणले जात असल्याने ती या कुटुंबाला लागू होत होती.

दोघेही सोने वाढेल असेच म्हणत होते, पण दोन वेगळ्या संकटांच्या आधारावर. आबांचे संकट महागाई चढत असतानाच्या मंदीचे, म्हणजे स्टॅगफ्लेशनचे होते, आणि मुलाचे खोल मंदीचे. ती दोन संकटे सोन्याला वेगळ्या रीतीने वागवतात, आणि हा फरक न पाहता निर्णय झाला असता तर तो केवळ योगायोगाने बरोबर ठरला असता. म्हणून आम्ही आधी इतिहास समोर ठेवला.

दोन संकटांतील सोन्याची चाल

स्टॅगफ्लेशन म्हणजे उत्पादन आणि रोजगार मंदावलेले असतानाही भाव चढत राहणे. अमेरिकेने १५ ऑगस्ट १९७१ रोजी डॉलर आणि सोने यांचा बांधलेला संबंध तोडला, त्यापूर्वी सोने औंसाला ३५ डॉलर असे ठरलेले होते. जानेवारी १९८० मध्ये ते ८५० डॉलरला पोहोचले. त्या दशकात बँकेतल्या ठेवीवर मिळणारे व्याज बरीच वर्षे महागाईपेक्षा कमी होते. पैसा ठेवून दरवर्षी त्याची किंमत घटत असेल, तर व्याज न देणारे सोने धरून ठेवण्याचा तोटा उरत नाही. व्याजातून महागाई वजा केल्यावर जे उरते, त्याला वास्तव व्याज म्हणतात. ते शून्याखाली जाऊन तिथेच राहिले की सोने चढते. स्टॅगफ्लेशनमध्ये ते दीर्घकाळ शून्याखाली राहते, कारण रोजगार बुडण्याच्या भीतीने मध्यवर्ती बँका व्याज पुरेसे वाढवायला कचरतात.

आबांच्या आठवणीत नसलेली एक गोष्ट मात्र त्याच दशकात घडली होती. १९७४ च्या शेवटी सुमारे १९५ डॉलरला असलेले सोने ऑगस्ट १९७६ मध्ये सुमारे १०४ डॉलरवर आले. महागाई तात्पुरती ओसरली आणि भाव जवळजवळ निम्मा झाला. ज्याने सोने कपाटात ठेवले त्याला याने काही झाले नाही, पण ज्याने ते तारण ठेवून भरपूर कर्ज काढले असते त्याचे सोने १९८० उजाडण्यापूर्वीच लिलावात जाऊ शकले असते. आबांच्या वडिलांनी सोने ठेवले होते, तारण दिले नव्हते, आणि त्यामुळेच आबांना फक्त चढण आठवत होती.

खोल मंदीत क्रम वेगळा असतो. पहिल्या टप्प्यात सगळ्यांना रोख रक्कम हवी असते. शेअर पडलेले, मालमत्ता विकत नाही, सावकार दारात, अशा वेळी जे विकता येते ते विकले जाते, आणि सोने लगेच विकले जाते. मार्च २००८ मध्ये सोने प्रथमच हजार डॉलरच्या वर गेले होते. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक १५ सप्टेंबरला बुडाल्यानंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस ते सुमारे ७१२ डॉलरवर आले होते. मार्च २०२० मध्येही तेच झाले : दोन आठवड्यांच्या आत सुमारे १,६८० डॉलरवरून १,४७० च्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात मध्यवर्ती बँका व्याज शून्याजवळ आणतात, पैसा ओततात, वास्तव व्याज घसरते आणि सोने वेगाने वर जाते. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ते १,९०० डॉलरच्या जवळ होते, आणि ऑगस्ट २०२० मध्ये २,०६० च्या वर. तिसऱ्या टप्प्यात अर्थव्यवस्था सावरू लागते, व्याज चढण्याची चाहूल लागते आणि भाव उतरतो किंवा रखडतो.

दुसरा टप्पा दर मंदीत येतोच असे नाही. १९८१-८२ ची अमेरिकेतली मंदी फार खोल होती, १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. तरीही १९८१ च्या सुरुवातीला सहाशे डॉलरच्या आसपास असलेले सोने जून १९८२ मध्ये तीनशेच्या जवळ आले. कारण अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने, महागाई मोडण्यासाठी व्याज वीस टक्क्यांपर्यंत नेले होते. मंदी होती, पण वास्तव व्याज भरपूर वर होते. म्हणजे मुलाचे "मंदीत सोने वाढतेच" हे विधान अपुरे होते. मंदी आल्यावर मध्यवर्ती बँक काय करते, यावर सगळे अवलंबून असते.

आपल्याकडे यात रुपयाचा एक थर वाढतो. संकटात रुपया बहुधा पडतो, त्यामुळे डॉलरमधील घसरण इथे सौम्य होऊन येते. मार्च २००८ मध्ये डॉलर सुमारे ४० रुपयांना आणि त्या ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे ५० रुपयांना होता. हिशेब मांडला तर डॉलरमध्ये जवळपास तीस टक्के पडलेले सोने रुपयात तेरा टक्क्यांच्या आसपासच पडले. ही उशी खरी आहे, पण ती प्रत्येक वेळी मिळत नाही, हे पुढे या प्रकरणातच दिसले.

पहिल्या टप्प्याचा अनुभव खेड्यांना नवा नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, आणि सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने चलन सोन्याशी बांधणारे सुवर्णमान सोडल्यावर भारतातून सोन्याचा मोठा ओघ बाहेर गेला. त्यात सारा आणि सावकाराचे देणे भागवण्यासाठी मोडलेले दागिने पुष्कळ होते. मंदीत शेतकरी सोन्याचा विक्रेता होतो, आणि सोन्याची चाल वाचताना खान्देशात बसलेल्या माणसाने हे प्रथम ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

आपण कुठे आहोत, हे कसे ओळखले

ऑगस्ट २०२० ची भारतातली आकडेवारी आबांच्या बाजूने दिसत होती. किरकोळ महागाई सहा टक्क्यांच्या वर, एक वर्षाच्या ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज, आणि एप्रिल-जूनचे राष्ट्रीय उत्पन्न महिनाअखेर जाहीर झाले तेव्हा २३.९ टक्क्यांनी घटलेले. धंदा बसलेला, महागाई वाढलेली आणि वास्तव व्याज शून्याखाली, हे स्टॅगफ्लेशनचेच चित्र आहे, असे कोणीही म्हणाले असते.

पण सोन्याचा भाव चोपड्याच्या किंवा मुंबईच्या महागाईवर ठरत नाही. तो जगात डॉलरमध्ये ठरतो, मग रुपयाच्या दराने आणि आयात शुल्काने इथे येतो. अमेरिकेत त्या वेळी महागाई एक टक्क्याच्या आसपास होती. तिथले दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरचे वास्तव व्याज उणे एक टक्क्याजवळ गेले होते, ते महागाई भडकल्याने नव्हे, तर फेडरल रिझर्व्हने व्याज पाडल्याने. म्हणजे समोरची तेजी खोल मंदीच्या दुसऱ्या टप्प्याची होती. ती स्टॅगफ्लेशनची असती, तर वर्षानुवर्षे थांबणे शहाणपणाचे ठरले असते. ही तेजी मात्र सावरण्याची पहिली बातमी येताच उतरू शकत होती. माझे मत मी स्पष्ट सांगितले : भाव आणखी चढणारच नाही असे नाही, पण या भावावर नव्वद टक्के कर्ज काढणे म्हणजे तिसरा टप्पा येणार नाही यावर घर लावणे आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळे सोने बँकेत ठेवून नव्वद टक्के उचलण्याचा. त्या वेळी बँक मागील तीस दिवसांच्या सरासरी भावाने बावीस कॅरेटचे मूल्य धरत असे. तो भाव ग्रॅमला ४,८०० रुपये आला. तीनशे ग्रॅमचे १४.४० लाख आणि त्यावर १२.९६ लाख कर्ज. गरज सातचीच होती, पण मुलाला वाटत होते की उरलेल्या पैशात माल भरून ठेवावा.

दुसरा पर्याय तेवढेच सोने ठेवून फक्त सात लाख उचलण्याचा. हा सुरक्षित होता, पण एकूण सात लाखांवर नऊ टक्के व्याज चालू राहिले असते आणि उधारी कधी वसूल होईल याची खात्री नव्हती. तिसरा पर्याय लागेल तेवढे विकून टाकण्याचा. याला आबांचा विरोध होता, आणि मायच्या पोत-पाटल्या विकण्याची गोष्ट घरात कोणी काढलीही नाही. चौथा पर्याय आबांचा : सोन्याला हात न लावता व्यापाऱ्याकडून महिना दोन टक्क्यांनी उसने घ्यायचे. वर्षाला चोवीस टक्के व्याज देऊन सोने धरायचे असेल, तर सोन्याने त्याहून जास्त वाढले पाहिजे. हा हिशेब कागदावर मांडल्यावर आबांनीच तो पर्याय मागे घेतला.

निर्णय आणि कृती

शेवटी मायने मार्ग सुचवला. सोने तिचे होते, त्यामुळे शब्दही तिचाच चालला. मोडकेतोडके आणि न वापरलेले दागिने, सुमारे ऐंशी ग्रॅम, विकायचे. रोज न लागणाऱ्या दागिन्यांपैकी १२० ग्रॅम गहाण टाकायचे. उरलेले शंभर ग्रॅम घरातच ठेवायचे.

विक्रीपूर्वी दागिने जळगावच्या सराफ बाजारात दोन ठिकाणी यंत्रावर तपासून घेतले. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के शुद्धता अपेक्षित असते, पण जुन्या दागिन्यांत सांध्यांचे रेण बरेच असल्याने ती ८७ टक्केच आली. ऐंशी ग्रॅमचे शुद्ध सोने ६९.६ ग्रॅम भरले. ग्रॅमला ५,३०० च्या भावाने आणि दोन टक्के घट वजा जाता हातात सुमारे ३.६१ लाख आले. मायचे स्वतःचे दुसरे उत्पन्न नगण्य होते, त्यामुळे दीर्घकालीन भांडवली नफ्यावर प्रत्यक्ष कर भरावा लागला नाही. पण तो हिशेब विक्रीआधी केला, नंतर नव्हे.

गहाण ठेवलेल्या १२० ग्रॅमवर बँक पाच लाखांहून जास्त द्यायला तयार होती. आम्ही साठ टक्क्यांवर थांबलो आणि ३.४५ लाख उचलले. साठ हा आकडा १९७६ आणि २००८ पाहून ठरवला होता : रुपयात वीस टक्के घसरण झाली आणि वर्षभराचे व्याज थकले, तरी कर्ज तारणाच्या आत राहिले पाहिजे.

परिणाम

९ नोव्हेंबर २०२० रोजी करोनाच्या लसीच्या चाचण्यांची चांगली बातमी आली आणि सोने त्या एका दिवसात औंसाला शंभर डॉलरच्या आसपास पडले. नंतरच्या महिन्यांत अमेरिकेतले दहा वर्षांचे व्याज ऑगस्टमधल्या अर्ध्या टक्क्याजवळून मार्च २०२१ अखेर १.७ टक्क्यांच्या आसपास गेले. या वेळी रुपयाची उशी मिळाली नाही, कारण मंदीची भीती ओसरल्याने रुपया स्थिर होता. त्यात १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे मूळ आयात शुल्क साडेबारावरून साडेसात टक्के केले गेले आणि त्यावर अडीच टक्के अधिभार आला, म्हणजे इथला भाव आणखी उतरला. मार्चच्या सुवर्ण रोख्यांचा भाव ४,६६२ होता, आणि महिनाअखेर बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला ४,१०० च्या आसपास आला.

त्या दिवशी आम्ही दोन्ही हिशेब शेजारी मांडले. पहिला पर्याय घेतला असता, तर १२.९६ लाखांवर सात महिन्यांचे व्याज धरून देणे १३.६४ लाख आणि तारणाचे मूल्य १२.३० लाख. सोन्यापेक्षा कर्ज मोठे. बँकेने जादा तारण किंवा रोख मागितली असती, आणि त्याच सुमारास करोनाची दुसरी लाट आली. प्रत्यक्षात १२० ग्रॅमचे मूल्य ४.९२ लाख आणि देणे ३.६३ लाख होते, म्हणजे ७४ टक्के. नोटीस आली नाही. जुलै २०२१ मध्ये रब्बीची वसुली झाल्यावर सुमारे २८ हजार व्याजासह कर्ज फेडले आणि दागिने घरी आले.

आबांचा मुद्दा मात्र तिथे संपला नाही, आणि संपवायला नको. २०२२ मध्ये अमेरिकेची महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, तेव्हा ते म्हणाले की आता तरी सत्तरचे दशक आले. तरीही सोने मार्चमधील दोन हजार डॉलरवरून शरदात १,६३० च्या आसपास आले, कारण फेडरल रिझर्व्हने व्याज झपाट्याने वाढवले आणि वास्तव व्याज शून्याच्या बरेच वर गेले. आपल्याकडे ही पडझड फारशी जाणवली नाही. रुपया घसरला होता आणि जुलैत आयात शुल्क पुन्हा वाढले होते. त्यानंतर २०२५ मध्ये सोने दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेले. या तेजीला स्टॅगफ्लेशन किंवा खोल मंदी यांपैकी एकच नाव देता येत नाही. २०२२ पासून सलग तीन वर्षे देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने विकत घेतले, हे तिचे एक मोठे कारण आहे, आणि ते वास्तव व्याजाच्या चौकटीत बसत नाही. २०२० मध्ये विकलेल्या ऐंशी ग्रॅमची किंमत आज कितीतरी जास्त असती, हे आबांचे म्हणणे बरोबर आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट सोन्याच्या आधीची आहे. टाळेबंदीच्या आठवड्यांत सराफ बाजार बंद होता. भाव रोज दिसत होता, पण दागिना मोडून देणारे दुकान उघडे नव्हते. दुकानाचा तीन महिन्यांचा खर्च बँकेत असता, तर ऑगस्टमध्ये निम्मीच रक्कम सोन्यातून काढावी लागली असती. खोल मंदीच्या पहिल्या टप्प्यात रोख रक्कम हाताशी हवी असते, आणि नेमका तेव्हा सोन्याचा भाव किंवा सोन्याचा बाजार दगा देतो.

दुसरी गोष्ट परत खरेदीची. मार्च २०२१ मध्ये सोने विकलेल्या भावापेक्षा बरेच खाली होते, पण कुटुंबाकडे तेव्हा घेण्याइतके पैसे नव्हते, कारण ते उधारीत होते. विक्रीच्या ३.६१ लाखांतले पन्नास हजार जरी बाजूला ठेवले असते, तरी मार्चमध्ये दहा ग्रॅमची वेढणी घेता आली असती. पुढे दिवाळी २०२१ ला आणि २०२२ च्या अक्षय्य तृतीयेला मायने वीस-वीस ग्रॅमची वेढणी घेतली, पण तोपर्यंत भाव दहा ग्रॅमला अठ्ठेचाळीस ते एक्कावन्न हजारांवर आला होता.

तिसरी गोष्ट दागिन्यांच्या शुद्धतेची. ९१.६ ऐवजी ८७ टक्के भरल्याने ऐंशी ग्रॅमवर सुमारे एकोणीस हजारांचा फरक पडला. ते दागिने आधीच तपासलेले असते, तर ऐंशीतले कोणते विकायचे हे वेगळे ठरले असते. आता घरातल्या प्रत्येक दागिन्याचे वजन, शुद्धता आणि खडे वगळून उरणारे निव्वळ सोने एका वहीत नोंदवलेले आहे, आणि ती वही मायच्या कपाटात असते.